‘प्रति’खाली काय लिहायचं? कोकणात नव्याने राहायला आलेल्यांसाठी अधिकाऱ्यांच्या पदनामांची ओळख

माझं टायपिंगचं दुकान तहसील कचेरीच्या फाटकासमोर आहे. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, वारसाचे कागद टंकून द्यायचे आणि कोणता कागद कुठल्या टेबलावर जातो ते फुकट सांगायचं, असा धंदा. मुंबई-पुण्याहून इथे घर किंवा बाग घेऊन राहायला आलेले लोक अर्ज स्वतःच लिहून आणतात आणि मजकूर बहुतेक वेळा माझ्यापेक्षा चांगला असतो. घोळ असतो तो ‘प्रति’खालच्या दोन ओळींत. अधिकाऱ्याचं पद चुकलं की कागद हरवत नाही, फिरत राहतो. फिरण्यात मुदत जाते.

एका काकांचं उदाहरण घेतो. बँकेतून निवृत्त होऊन इथे आले, दीड एकराची कलमांची बाग आणि कौलारू घर घेतलं. बागेत जायची जुनी बैलगाडीची वाट शेजाऱ्याच्या जमिनीतून होती. 11 डिसेंबरला शेजाऱ्याने त्या वाटेवर चिऱ्याचा गडगा घातला. काकांनी चार दिवसांत अर्ज लिहून पोस्टाने पाठवला: ‘प्रति, मा. पोलीस आयुक्त साहेब’ आणि पुढे आमच्या जिल्ह्याचं नाव. दुसरी प्रत ‘मा. कलेक्टर साहेब’ यांना. माझ्या दुकानात आले तेव्हा मे महिन्याची 20 तारीख होती, हातात पाच सरकारी पत्रं होती आणि गडगा होता तिथेच होता.

आधी आपण कुठल्या हद्दीत राहतो ते बघा

आमच्या जिल्ह्यात पोलीस आयुक्त नाहीत. रत्नागिरीत नाहीत, सिंधुदुर्गात नाहीत. शहरातून आलेल्या माणसाच्या डोक्यात पोलिसांचा सगळ्यात मोठा साहेब म्हणजे कमिशनर, आणि त्यात त्याची चूकही नाही, कारण मुंबईत, ठाण्यात, पुण्यात तसंच आहे. पण आयुक्तालय हे मोठ्या शहरांसाठी असतं. बाकी जिल्ह्यांत पोलिसांचे प्रमुख जिल्हा पोलीस अधीक्षक, लोकांच्या तोंडी एसपी. रत्नागिरीचे अधीक्षक रत्नागिरीला बसतात, सिंधुदुर्गचे ओरोसला, रायगडचे अलिबागला, पालघरचे पालघरला.

घोटाळा होतो तो उत्तरेकडे. पनवेल आणि उरण हे तालुके रायगड जिल्ह्यातले, पण पोलिसांच्या हिशेबात ते नवी मुंबई पोलीस आयुक्तालयात येतात. वसई तालुका पालघर जिल्ह्यातला, तिथले पोलीस 2020 मध्ये झालेल्या मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाखाली आहेत. म्हणजे जमिनीची हद्द आणि पोलिसांची हद्द एकच असेल असं धरून चालू नका.

पनवेलला राहणाऱ्या माणसाची गंमत तर बघण्यासारखी आहे. त्याच्या डोक्यावर तीन आयुक्त आहेत. भांडणतंटा, चोरी यासाठी नवी मुंबईचे पोलीस आयुक्त. गटार, पाणी, घरपट्टी यासाठी पनवेल महानगरपालिकेचे आयुक्त. आणि बेलापूरच्या कोकण भवनात बसणारे कोकण विभागाचे विभागीय आयुक्त, ज्यांच्याखाली मुंबईच्या दोन जिल्ह्यांपासून सिंधुदुर्गापर्यंत सात जिल्हाधिकारी येतात. या तिघांचा एकमेकांच्या कामाशी संबंध नाही. विभागीय आयुक्त महसुलाचे. पोलीस त्यांच्या हाताखाली नाहीत. आणि त्या माणसाचे जिल्हाधिकारी अलिबागला! नुसतं ‘मा. आयुक्त’ लिहिलेला त्याचा अर्ज कुठे जाईल हे टपालवाल्याच्या मर्जीवर.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातसुद्धा ‘सहायक आयुक्त’ अशी पाटी दिसेल. ती बघून आत शिरू नका. ते मत्स्यव्यवसायाचे असतात, नाहीतर समाजकल्याणाचे. आयुक्त, अधीक्षक, निरीक्षक हे शब्द एकट्याने काहीच सांगत नाहीत. खात्याचं नाव सोबत हवंच. तालुक्याच्या गावी ‘उपअधीक्षक’ म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे भूमी अभिलेखाची कचेरी येते, म्हणजे जमीन मोजणारे. पोलिसांतही उपअधीक्षक असतात, पण त्यांच्या पाटीवर बहुधा ‘उपविभागीय पोलीस अधिकारी’ असं असतं. मोजणीचा अर्ज घेऊन पोलिसांच्या उपअधीक्षकांकडे गेलेला एक भला माणूस मी पाहिला आहे. त्यांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पोलीस ठाण्यात कोण कोण असतं

काकांचं पत्र फिरत फिरत अधीक्षक कार्यालयात पोचलं, तिथून ‘उचित कार्यवाहीसाठी’ असा शेरा बसून आमच्या ठाण्याला आलं. ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा काका दारातल्या टेबलावरच्या माणसाला ‘इन्स्पेक्टर साहेब’ म्हणाले. तो ठाणे अंमलदार होता, हुद्द्याने हवालदार. तो हसला आणि म्हणाला, “काका, साहेब आत आहेत. आणि तेही अजून इन्स्पेक्टर नाहीत.”

खरंच नव्हते. आमच्यासारख्या छोट्या ठाण्याचे प्रभारी बरेचदा सहायक पोलीस निरीक्षक असतात, मोठ्या ठाण्याला पोलीस निरीक्षक. म्हणून ठाण्याला अर्ज करताना मी ‘मा. प्रभारी अधिकारी’ असं लिहितो आणि पुढे ठाण्याचं नाव. खुर्चीत कोणीही असो, कागद बरोबर बसतो.

शिडी खालून वर अशी आहे. सगळ्यात खाली पोलीस शिपाई, म्हणजे कॉन्स्टेबल. त्यावर पोलीस हवालदार, ज्याच्या बाहीवर तीन फिती असतात. मध्ये पूर्वी पोलीस नाईक हे पद होतं, ते राज्य सरकारने 2022 मध्ये काढून टाकलं. जुन्या कागदांवर ‘पोना’ असं लिहिलेलं सापडेल ते त्याचं. हवालदाराच्या वर सहायक पोलीस उपनिरीक्षक, ज्यांना कागदावर आणि बोलण्यातही अजून सहायक फौजदार म्हणतात. इथपर्यंतच्या सगळ्यांना मिळून ‘पोलीस अंमलदार’ म्हणायचं. त्याच्या वर ‘अधिकारी’ सुरू होतात: पोलीस उपनिरीक्षक म्हणजे आपला फौजदार, मग सहायक पोलीस निरीक्षक, मग पोलीस निरीक्षक. फौजदार हा शब्द मोगलाईतल्या बड्या सरदाराचा; त्याचा आज दोन तारेवाला उपनिरीक्षक झाला आहे. पण वाडीत ‘फौजदार आलेत’ म्हटल्यावर जी पळापळ होते ती ‘पोलीस उपनिरीक्षक आलेत’ म्हणून होणार नाही.

आता इथे एक खोच आहे, आणि ती जुन्या लोकांनाही नीट सांगता येत नाही. ‘सहायक’ मोठा की ‘उप’ मोठा? ठाण्यात सहायक निरीक्षक हा उपनिरीक्षकापेक्षा मोठा. आयुक्तालयात मात्र उलट: उपआयुक्त मोठे आणि सहायक आयुक्त त्यांच्या खाली. पाठ करू नका, नाहीतर गोंधळच होईल. बोलताना तीन तारे दिसले की निरीक्षक साहेब म्हणावं, दोन दिसले की उपनिरीक्षक किंवा फौजदार साहेब. सहायक निरीक्षकाच्या खांद्यावरही तीनच तारे असतात, फरक खालच्या रंगीत पट्टीत असतो; एक पायरी वरचं पद लावल्याबद्दल आजवर कोणी कुणावर रागावलेलं मी पाहिलं नाही. तीन तारे आहेत आणि पट्टीच नाही, तर ते उपअधीक्षक. आयुक्तालयात त्याच दर्जाचे सहायक आयुक्त. अधीक्षकांच्या खांद्यावर अशोकस्तंभ असतो.

कागद वाचताना लघुरूपं लागतील. पोशि किंवा पोकॉ म्हणजे शिपाई, पोहवा किंवा पोहेकॉ म्हणजे हवालदार, पुढे महिला असेल तर आधी ‘म’ लागतो: मपोशि, मपोहवा. सपोनि म्हणजे सहायक निरीक्षक, पोउपनि म्हणजे उपनिरीक्षक, पोनि म्हणजे निरीक्षक. अंमलदाराच्या नावाआधी किंवा नंतर एक आकडा असतो, तो बक्कल नंबर. तुमचा जबाब कोणी घेतला हे लिहून ठेवायचं असेल तर नावापेक्षा हा आकडा जपून ठेवा. एकाच आडनावाचे तिघे एका ठाण्यात असणं कोकणात काही नवलाचं नाही.

ठाण्याच्या गावापासून लांब असलेल्या वाड्यांना जवळ पडावं म्हणून जी छोटी चौकी असते तिच्यावर ‘पोलीस दूरक्षेत्र’ अशी पाटी असते. काकांना ते वाचून टेलिफोनचं काहीतरी वाटलं होतं.

ठाण्यातून काकांना काय मिळालं? वाट अडवली हा दिवाणी वाद, त्यात पोलीस गुन्हा नोंदवत नाहीत. पण बोलाचालीत शेजाऱ्याने कोयता दाखवून ‘परत इकडे फिरकलास तर बघ’ असं म्हटलं होतं. त्याची अदखलपात्र म्हणून नोंद झाली, लोक जिला एनसी म्हणतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. नोंदीची प्रत मात्र मागून घ्यावी. पुढे तिचाच उपयोग झाला.

अधीक्षकांना थेट लिहायची जागा वेगळी आहे. गुन्हा दखलपात्र असूनही ठाण्यात नोंदवून घेतला नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 173(4) प्रमाणे हकिकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. तिथे ‘प्रति, मा. पोलीस अधीक्षक’ हेच बरोबर. त्यांनीही दखल घेतली नाही तर पुढची पायरी न्यायदंडाधिकाऱ्यांची.

महसुलाची शिडी, आणि ‘तथा’ हा शब्द

काकांची दुसरी प्रत कलेक्टरांकडे गेली होती. कलेक्टर म्हणजे जिल्हाधिकारी. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, 1772 मध्ये कंपनी सरकारने हे पद काढलं ते महसूल गोळा करायला, म्हणून कलेक्टर. तहसीलदार या शब्दातही तहसील म्हणजे वसुलीच. मराठीत आपण वसुली पुसून ‘जिल्ह्याचा अधिकारी’ केला. बोलताना मात्र कलेक्टरच. इथे ‘जिल्हाधिकारी’ म्हणणारा एकतर वार्ताहर असतो नाहीतर टायपिस्ट.

जिल्हाधिकाऱ्यांकडून पत्र खाली उतरलं. आधी प्रांतांकडे. प्रांत म्हणजे उपविभागीय अधिकारी. एकेका उपविभागात एक किंवा जास्त तालुके असतात. सिंधुदुर्गात कणकवलीला आणि सावंतवाडीला असे प्रांत बसतात. प्रांतांकडून तहसीलदारांकडे, तहसीलदारांकडून मंडळ अधिकाऱ्याकडे ज्याला लोक सर्कल म्हणतात, आणि सर्कलकडून तलाठ्याकडे. तलाठ्याचं नाव 2024 मध्ये बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं, पण तुम्ही वाडीत जाऊन ग्राम महसूल अधिकारी कुठे बसतात विचारलंत तर लोक तुम्हाला ग्रामपंचायतीत पाठवतील. तिथे जे बसतात ते ग्रामसेवक, त्यांचं नवं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’. सातबारा, फेरफार तलाठ्याकडे; घरपट्टी, जन्ममृत्यूची नोंद ग्रामसेवकाकडे. एक महसूल खात्याचा माणूस, दुसरा जिल्हा परिषदेचा. जिल्हा परिषदेची शिडीच निराळी आहे: ग्रामसेवकाच्या वर तालुक्याला गटविकास अधिकारी, जिल्ह्याला मुख्य कार्यकारी अधिकारी. तहसीलदारांकडे ग्रामसेवकाची तक्रार नेलीत तर ते ऐकून घेतील, एवढंच.

प्रत्येक पायरीवर एक पत्र झालं आणि शेवटी तलाठ्याचा अहवाल तसाच पायऱ्या चढून वर गेला: वाट अडवलेली दिसते. पुढे काय? काहीच नाही. कारण काकांचा कागद हा ‘अर्ज’ होता, आणि वाट मोकळी करून द्यायला ‘दावा’ लागतो, तो एका ठरावीक अधिकाऱ्यापुढे, एका ठरावीक नावाने.

आता कचेरीच्या मोठ्या पाटीकडे बघा. आमच्या तहसीलदारांच्या दारावर लिहिलंय: ‘तहसीलदार तथा कार्यकारी दंडाधिकारी’. जिल्ह्याच्या पाटीवरही ‘जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी’, प्रांतांच्या ‘उपविभागीय अधिकारी तथा उपविभागीय दंडाधिकारी’. माणूस एक, खुर्ची एक, टोप्या दोन. ‘तथा’च्या अलीकडची टोपी जमिनीची, पलीकडची शांततेची. मनाई आदेश, जमावबंदी, गणपती-शिमग्याच्या वेळी शस्त्रबंदी, ही कामं दंडाधिकारी म्हणून होतात आणि त्या आदेशाखाली सही करताना ते जिल्हाधिकारी लिहीत नाहीत. आणि हो, हे दंडाधिकारी म्हणजे न्यायाधीश नव्हेत. कोर्टात बसतात ते न्यायदंडाधिकारी.

तहसीलदारांना तिसरी एक टोपी आहे, तिचा पाटीवर पत्ता नसतो. तहसीलदाराला पूर्वी आमच्याकडे मामलेदार म्हणत. म्हातारी माणसं अजून ‘मामलेदार कचेरी’च म्हणतात, आणि बांद्याच्या पलीकडे गोव्यात तर ते पद आजही मामलेदारच आहे. महाराष्ट्रात पद गेलं पण कायद्यात नाव राहिलं: मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. त्याच्या कलम 5 खाली शेतीच्या किंवा बागेच्या जमिनीची वाट, पाण्याचा प्रवाह कोणी बेकायदा अडवला तर अडथळा दूर करायचा हुकूम तहसीलदार देऊ शकतात. अट एक मोठी: अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे.

11 डिसेंबरचा गडगा. 20 मे. काकांकडे तीन आठवडे उरले होते.

मग कागद कसा केला

वकील करावा की नको, हे मी काकांवर सोडलं. त्यांनी ओळखीच्या वकिलाकडून मसुदा तपासून घेतला, टंकला मी. सुरुवात अशी होती:

मा. तहसीलदार सो. यांचे न्यायालयात
मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चे कलम 5 अन्वये दावा
वादी: … प्रतिवादी: …

‘सो.’ म्हणजे साहेब, कचेरीची जुनी सवय. मुख्य फरक तो नाही. ‘प्रति’ गेलं आणि ‘यांचे न्यायालयात’ आलं. अर्जदार गेला आणि वादी आला. मजकुरात दोन्ही जमिनींचे गट क्रमांक, वाट कुठून कुठे जाते, किती वर्षं वापरात आहे, आणि अडथळ्याची तारीख. ही तारीख ठळकपणे लिहायची, कारण मुदत तिच्यावरून मोजतात. ‘काही महिन्यांपूर्वी’ असं लिहिलेला दावा पहिल्याच तारखेला अडतो. सोबत दोन्ही सातबारे, गटाचा नकाशा, गडग्याचे फोटो, आणि पूर्वीपासून वाट बघितलेल्या दोन गावकऱ्यांची नावं साक्षीदार म्हणून.

दावा 28 मे रोजी आवक झाला. प्रतिवादीला नोटीस निघाली, मंडळ अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पंचनामा केला. तोही पावसात, छत्री धरून. चिऱ्याच्या गडग्याला शेवाळ धरलं नव्हतं आणि बाजूच्या जुन्या गडग्याला हिरवंगार धरलं होतं, हे पंचांनी लिहून दिलं. जुनी वाट होती आणि गडगा नवा आहे, याला एवढा पुरावा पुष्कळ झाला. हुकूम गणपती होऊन गेल्यावर आला. शेजारी त्यावर पुनरीक्षणासाठी गेला आहे, कारण या कायद्यात अपील नाही. पुनरीक्षण जिल्हाधिकाऱ्यांकडे असतं आणि प्रत्यक्षात ते बहुधा प्रांतांपुढे चालतं. म्हणजे गोष्ट पुरी संपलेली नाही. पण मुदतीत दावा पडला नसता तर दिवाणी कोर्टाखेरीज वाट नव्हती.

एक मर्यादा सांगून ठेवतो. काकांची जमीन बागेची होती म्हणून हे चाललं. तुमचा बंगल्याचा बिनशेती प्लॉट असेल तर मामलेदार कायद्याचा उपयोग नाही, मग कोर्टच.

मधल्या काळात आणखी एक कागद आला आणि काका घामाघूम होऊन दुकानात आले. ‘तालुका कार्यकारी दंडाधिकारी यांचेसमोर’ असा मथळा, संहितेचं कलम 126, आणि ‘शांतता राखण्याबाबत बंधपत्र का घेऊ नये’ अशी नोटीस. चक्क काकांना! झालं असं होतं की कोयत्याच्या एनसीवरून ठाण्याने प्रस्ताव पाठवला होता, आणि असा प्रस्ताव बरेचदा दोन्ही बाजूंवर जातो. याला लोक चॅप्टर केस म्हणतात. हा गुन्हा नाही, शिक्षा नाही. काही ठरावीक काळ शांतता राखीन अशी हमी.

काका म्हणाले, “अहो, पण हे तर तेच तहसीलदार! माझा दावा त्यांच्यापुढे आणि मीच आरोपी?”

“तेच,” मी म्हटलं. “पण ‘तथा’च्या पलीकडचे.”

फाईल वेगळी, अव्वल कारकून वेगळा, तारीख वेगळी. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळायच्या नाहीत: चॅप्टरच्या तारखेला वाटेबद्दल भाषण करायचं नाही आणि दाव्याच्या तारखेला कोयत्याबद्दल. काकांनी पहिल्या तारखेला नेमकं ते केलंच, आणि साहेबांनी “तो विषय इथे नाही” म्हणून थांबवलं. हेच पनवेलला घडलं असतं तर चॅप्टर तहसीलदारांपुढे गेली नसती. आयुक्तालयात हे अधिकार पोलिसांकडेच असतात, आणि अशी नोटीस सहायक पोलीस आयुक्त तथा विशेष कार्यकारी दंडाधिकारी यांच्या सहीने येते. तिथेही ‘तथा’ आहे, फक्त खाली खाकी आहे.

गावातली फसवी नावं

पोलीस पाटील हा पोलीस नाही. तो गावचाच माणूस असतो, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखाली मानधनावर नेमलेला, आणि त्याची नेमणूक प्रांत करतात, अधीक्षक नव्हे. तरी समुद्राला काही लागलं, वाडीत भांडण पेटलं, तर पहिला फोन त्यालाच करावा. ठाण्याला तो कळवतो, आणि कसं सांगायचं ते त्याला माहीत असतं. कोतवाल हाही पोलीस नाही. उत्तरेकडच्या गोष्टींमधून आलेला कोतवाल इथे शोधू नका. आमचा कोतवाल तलाठ्याच्या हाताखाली दवंडी द्यायचा, नोटिसा पोचवायचा. त्याचं नाव आता महसूल सेवक झालंय. आणि कचेरीतल्या ‘शिपायाला’ सॅल्यूट ठोकू नका: तो पट्टेवाला, पोलीस शिपाई वेगळा.

शेवटची पायरी टेबलावरची

‘प्रति’खाली एकच पद लिहा. बाकी ज्यांना कळवायचंय त्यांची नावं खाली ‘प्रत माहितीसाठी’ अशी. तिघांना सारखाच ‘प्रति’ घातला की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. पदाच्या खाली अधिकाऱ्याचं नाव लिहायची गरज नाही, बदली होते. लिहायचंच असेल तर ‘भा.प्र.से.’ की ‘भा.पो.से.’ हे नीट बघून, कारण पहिलं प्रशासनाचं आणि दुसरं पोलिसांचं. जिल्हाधिकाऱ्यांना भा.पो.से. लावलेला अर्ज मी एकदा स्वतः टंकला आहे. गिऱ्हाईकाने नाही, मीच चूक केली होती.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक आवक टेबलावर द्या, दुसरीवर गोल शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. शिक्क्यात पदनाम असतं, ते वाचा. काकांच्या पहिल्या अर्जावर शिक्का होता ‘आवक शाखा, पोलीस अधीक्षक कार्यालय’. त्यांनी तो तेव्हा वाचला असता तर आपण आयुक्तांना लिहिलं आणि उत्तर अधीक्षकांकडून येतंय, हे डिसेंबरातच कळलं असतं.